रेघ आली, खुणा राहिल्या

राजगड ते तोरणा ही आमच्या गटातली जुनी हौस. गुंजवण्यातून चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर मुक्काम, सकाळी संजीवनी माची, तिच्यावरच्या अळू दरवाज्यातून खाली उतरून सोंडेने तोरण्याची बुधला माची आणि शेवटी वेल्ह्यात एसटी. दोन वर्षांपूर्वी गटातल्या एकाने घरी बसून हा सगळा मार्ग गुगलच्या माय मॅप्समध्ये आखला. एक लांब रेघ आणि तिच्यावर चौदा खुणा: कुठे पाणी, कुठे फाटा चुकतो, अळू दरवाजा नेमका कुठे, बुधल्याखालचा कातळटप्पा कुठे. फाइल व्हॉट्सॲपवर आली. माझ्या फोनमधल्या ॲपला जीपीएक्स हवी होती आणि आली होती केएमएल. मी ती एका संकेतस्थळावर टाकली, दुसरीकडून जीपीएक्स निघाली, फोनमध्ये उघडली, निळी रेघ दिसली, समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवर कळलं की फोनमध्ये फक्त रेघ आहे. चौदाच्या चौदा खुणा गळालेल्या. रेघ हाताने आखलेली असल्यामुळे ती माचीच्या कडेला ढोबळपणे वळत होती. अळू दरवाजा मागे टाकून आम्ही माचीच्या पार टोकाशी गेलो आणि मग परत आलो. संजीवनी माची अडीचेक किलोमीटर लांब आहे आणि डोक्यावर पाठपिशवी भरलेली असताना ती दोनदा चालणं हा काही आनंदाचा भाग नव्हे.

खुणा कुठे गेल्या, हे नंतर नीट शोधलं. त्यातून जे समजलं ते इथे सांगतो.

केएमएल आणि जीपीएक्स या दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली आहेत. नोटपॅडमध्ये उघडल्या तर वाचता येतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. फरक त्यांच्या जन्मात आहे. केएमएल जन्मली कीहोल नावाच्या कंपनीत. गुगलने ती कंपनी २००४ मध्ये घेतली आणि तिच्या नकाशातून पुढे गुगल अर्थ उभं राहिलं. म्हणजे केएमएलचं काम नकाशावर काहीतरी छान दाखवणं: रंग, चिन्हं, फोटो, क्षेत्रं, फोल्डर. जीपीएक्स आली २००२ मध्ये, ती एका जीपीएस यंत्रातून दुसऱ्यात माहिती नेता यावी म्हणून. आज चालते ती १.१ ही आवृत्ती २००४ पासूनची आहे. तिला रंगरंगोटीशी देणंघेणं नाही. तिच्यात तीनच वस्तू असतात. वेपॉइंट म्हणजे सुटी खूण, ट्रॅक म्हणजे चाललेली किंवा आखलेली रेघ, आणि रूट म्हणजे ‘या ठिकाणांवरून जा’ अशी ठिकाणांची यादी. केएमएलमधली प्रत्येक गोष्ट या तीन कप्प्यांपैकी एकात बसवावी लागते. जे बसत नाही ते गळतं.

बालेकिल्ल्याची खूण केएमएलमध्ये अशी दिसते:

```
<Placemark>
  <name>बालेकिल्ला</name>
  <description><![CDATA[उभा चढ, रेलिंग धरा.<br>
  जाऊन-येऊन एक तास]]></description>
  <Point>
    <coordinates>73.6822,18.2461,0</coordinates>
  </Point>
</Placemark>
```

आणि तीच जीपीएक्समध्ये अशी व्हायला हवी:

```
<wpt lat="18.2461" lon="73.6822">
  <name>बालेकिल्ला</name>
  <desc>उभा चढ, रेलिंग धरा. जाऊन-येऊन एक तास</desc>
</wpt>
```

आकड्यांचा क्रम बघा. केएमएलमध्ये आधी रेखांश येतो, मग अक्षांश, मग उंची. जीपीएक्समध्ये `lat` आणि `lon` अशी नावंच लिहिलेली असतात. भूगोलाच्या तासाला आपण ‘अक्षांश-रेखांश’ याच क्रमाने पाठ केलेलं असतं. त्यामुळे हाताने फाइल करणारा माणूस हमखास इथे फसतो, आणि एखादं घाईत लिहिलेलं रूपांतराचं साधनही फसतं. उलटापालट झाली तर राजगड ७३.७ अंश उत्तर अक्षांशावर जातो. ती जागा नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात आहे. जवळ एक बेट आहे, त्याचं नाव ब्योर्नोया, म्हणजे अस्वलाचं बेट. फोनमध्ये फाइल उघडल्यावर चारी बाजूंना नुसता निळा समुद्र दिसला, तर ॲप बिघडलेलं नसतं, आकडे उलटे पडलेले असतात. महाराष्ट्रापुरता एक सोपा ताळा आहे. आपला अक्षांश १५ ते २२ यांच्यामध्ये असतो आणि रेखांश ७२ ते ८१ यांच्यामध्ये. लहान आकडा `lat` मध्ये आणि मोठा `lon` मध्ये असला की झालं.

आता माझ्या खुणा कुठे गळाल्या ते बघू. मला वाटत होतं की दोष त्या संकेतस्थळाचा. अर्धा तसा होताही, पण त्याआधीही दोन ठिकाणी गळती होऊ शकली असती.

पहिली जागा फाइल बाहेर काढतानाची. माय मॅप्समध्ये नकाशाच्या नावाशेजारच्या तीन टिंबांत `Export to KML/KMZ` असतं. त्यावर टिचकी मारली की एक चौकट येते आणि वर निवड असते: `Entire map` की एखादा विशिष्ट स्तर. ज्याने नकाशा आखला त्याने रेघ एका स्तरात आणि खुणा दुसऱ्या स्तरात ठेवलेल्या असतील, आणि फाइल काढताना फक्त रेघेचा स्तर निवडला असेल, तर खुणा त्या फाइलमध्ये मुळात आलेल्याच नाहीत. मग जगातलं कोणतंही साधन त्या आणून देऊ शकत नाही.

दुसरी जागा त्याच चौकटीत खाली आहे. तिथे एक पर्याय असतो, फाइल ‘नेटवर्क लिंक’ म्हणून काढायचा. तो निवडला तर हाती येते ती फाइल नसून नकाशाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असते. इंटरनेट असेल तर गुगल अर्थ त्या पत्त्यावर जाऊन नकाशा आणतं. रूपांतर करणारं साधन मात्र चिठ्ठी उघडून बघतं, तर आत ना रेघ, ना खूण. ओळखायला सोपं आहे. अशी फाइल जेमतेम एखाद्या केबीची असते आणि उघडली की आत `NetworkLink` हा शब्द दिसतो. तेव्हा तो पर्याय रिकामा ठेवायचा आणि केएमझेड नको, केएमएल हवी असं सांगणाऱ्या चौकोनात खूण करायची. केएमझेड हाती आलीच असेल तरी घाबरायचं कारण नाही. ती साधी झिप फाइल असते. शेवटचं `.kmz` बदलून `.zip` करा, उघडा, आत `doc.kml` मिळते.

आमच्या फाइलमध्ये या दोन्ही चुका नव्हत्या. चौदाही खुणा आत व्यवस्थित होत्या. म्हणजे त्या संकेतस्थळाने फक्त रेघ उचलली आणि खुणा सोडून दिल्या. तशी काही साधनं असतात. त्यांच्या लेखी मार्ग म्हणजे ट्रॅक, बाकी सजावट. त्यांचं पान कुठेही ‘खुणा वगळल्या’ असं म्हणत नाही, फाइल निमूट उतरवून देतं.

त्यानंतर मी संगणकावर जीपीएसबेबेल वापरायला लागलो. हे फुकट मिळणारं जुनं, खमकं साधन आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ज्यांना बटणं दाबायला आवडतात त्यांच्यासाठी त्याची खिडकी आहे. वरच्या बाजूला आत येणारी फाइल आणि तिचा प्रकार निवडायचा, केएमएल तिथे `Google Earth (Keyhole) Markup Language` या नावाने असते. खाली बाहेर पडणारी, `GPX XML`. मधल्या पट्टीत `Waypoints`, `Routes`, `Tracks` असे तीन चौकोन असतात. तिन्हींत खूण करा. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण एखादा चौकोन रिकामा असला तरी साधन काही बोलत नाही. ज्यांना आज्ञा लिहायला जमतं त्यांच्यासाठी एका ओळीचं काम आहे:

```
gpsbabel -w -r -t -i kml -f torna.kml -o gpx -F torna.gpx
```

`-w -r -t` म्हणजे वेपॉइंट, रूट, ट्रॅक हे सगळं घे. लहान `f` पुढे आतली फाइल, मोठा `F` पुढे बाहेरची.

फाइल झाली की मोजायचं. मी आता मोजल्याशिवाय पुढे जात नाही. दोन्ही फाइलींच्या प्रती काढून त्यांना शेवटी `.txt` लावायचं आणि ब्राउझरमध्ये उघडायच्या. केएमएलमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून `<Point>` शोधायचं, ब्राउझर कोपऱ्यात संख्या सांगतो. जीपीएक्समध्ये `<wpt` शोधायचं, तिथेही संख्या येते. दोन्ही संख्या जुळल्या पाहिजेत. तसंच केएमएलमधल्या `<LineString>` ची संख्या जीपीएक्समधल्या `<trk>` शी जुळली पाहिजे.

या वर्षी हाच नकाशा नव्याने आणखी तपशिलात आखला. केएमएलमध्ये एकूण `<Placemark>` सोळा निघाले, जीपीएक्समध्ये खुणा चौदा आणि ट्रॅक एक, म्हणजे एक कमी. सोळावं शोधलं तर ते मुक्कामाचं पठार होतं. मित्राने तिथे खूण न लावता त्या जागेभोवती रंगीत क्षेत्र आखलं होतं. केएमएलमध्ये याला `Polygon` म्हणतात. जीपीएक्समध्ये क्षेत्र नावाची वस्तूच नाही, त्यामुळे ते कुठल्याच कप्प्यात बसलं नाही. मूळ नकाशात त्या क्षेत्राच्या मध्यावर एक साधी खूण टाकली आणि फाइल पुन्हा काढली. संख्या जुळली.

एखाददुसरी खूण राहिली असेल तर इतकंही करायला नको. जीपीएक्स नोटपॅडमध्ये उघडा, वरच्या नमुन्यासारखा `wpt` चा तुकडा लिहा आणि पहिल्या `<trk>` च्या आधी चिकटवा. आधीच. जीपीएक्सच्या नियमांत क्रम ठरलेला आहे, खुणा पहिल्या, मग रूट, मग ट्रॅक. खाली कुठेतरी चिकटवलेली खूण काही ॲप चालवून घेतात, काही संपूर्ण फाइलच नाकारतात. साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवायचं. नाहीतर ‘अळू दरवाजा’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते.

संख्या जुळली तरी खुणेसोबत असलेली सगळीच माहिती आलेली नसते. हे मला जरा उशिरा लक्षात आलं.

चिन्हं येत नाहीत. माय मॅप्समध्ये पाण्याला थेंब, धोक्याला त्रिकोण, मुक्कामाला तंबू लावलेला असतो, फोनमध्ये मात्र सगळ्या खुणा एकाच रंगाच्या टाचण्या. जीपीएक्समध्ये चिन्हासाठी `sym` नावाचा कप्पा आहे, पण त्यातलं नाव कुठलं ॲप ओळखेल आणि कुठलं नाही याचा भरवसा नाही. फोल्डरही येत नाहीत. ‘पाणी’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या खुणा सगळ्यांत मिसळून जातात आणि त्यांची नावं जर ‘१’, ‘२’, ‘३’ असतील तर फोनवर काहीच उलगडत नाही. म्हणून आता आम्ही जे सांगायचं ते नावातच लिहितो: ‘पाणी पद्मावती तलाव’, ‘फाटा डावीकडे’, ‘धोका कातळटप्पा’. दिसायला गावठी आहे, पण कोणत्याही ॲपमध्ये, कोणत्याही फोनवर वाचता येतं.

वर्णनातला मजकूर येतो, पण कधी कधी विस्कटून. माय मॅप्स वर्णनात ओळ बदलण्यासाठी `<br>` लिहितं. ॲपला ते कळलं नाही तर ‘रेलिंग धरा.
<br>जाऊन-येऊन’ असं जसंच्या तसं दिसतं. हा फार मोठा त्रास नाही. शोधा-आणि-बदला करून `&lt;br&gt;` च्या जागी एक रिकामी जागा टाकली की फाइल स्वच्छ होते. फोटो मात्र येत नाहीत. केएमएलच्या वर्णनात फोटोचा फक्त पत्ता असतो, आणि सोंडेवर रेंज नसते.

सर्वांत फसवी गोष्ट उंचीची. वरच्या केएमएलमध्ये शेवटचा आकडा शून्य आहे. नकाशावर बोटाने आखलेल्या रेघेत प्रत्येक बिंदूची उंची शून्यच लिहिलेली असते. गुगल अर्थ ती रेघ जमिनीला चिकटवून दाखवतं म्हणून ते आपल्याला जाणवत नाही. जीपीएक्समध्ये मात्र ते शून्य `<ele>0.000</ele>` असं उतरतं आणि ॲप ते खरं मानतं. मग चढ-उताराच्या आलेखात राजगड ते तोरणा ही समुद्रसपाटीवरची सपाट चाल दिसते, एकूण चढाई शून्य मीटर. तोरणा १४०३ मीटर उंचीचा आहे हे माहीत असलेल्याला हसू येईल. नव्या माणसाला मात्र आलेखावर विश्वास ठेवून वेळेचा अंदाज बांधायचा असतो. जीपीएस व्हिज्युअलायझरसारख्या संकेतस्थळावर ही फाइल टाकून भूप्रदेशाच्या नोंदींवरून उंची भरून घेता येते. किंवा सरळ `ele` च्या ओळी काढून टाका. उंची नसेल तर बरीच ॲप आलेखच दाखवत नाहीत, ते खोट्या आलेखापेक्षा बरं.

रेघ ट्रॅक म्हणून आली की रूट म्हणून, हेही बघायला हवं. रूपांतराची काही साधनं रेघेला रूट बनवतात. फाइलमध्ये `<trkpt` ऐवजी `<rtept` दिसलं की ते झालं आहे. ट्रॅक असेल तर ॲप रेघ जशी आहे तशी काढतं. रूट असेल तर काही ॲप प्रत्येक ठिकाणाला आपल्याला माहीत असलेल्या रस्त्यांनी जोडायला बघतात. राजगड आणि तोरण्यामधली ढोरवाट त्या ॲपच्या नकाशात नसली, तर ते बिचारं आपल्याला गुंजवण्याला परत नेऊन डांबरी रस्त्याने वेल्ह्याला पोचवतं. सह्याद्रीत चालायचं तर ट्रॅकच हवा.

कुणी विचारेल, की एवढी खटपट कशाला, ऑस्मअँडसारखी ॲप केएमएल थेट घेतात की. घेतात. पण ती आतल्या आत हेच रूपांतर करत असतात, तेव्हा मोजणी तिथेही करावी लागतेच. शिवाय गटात सहा जणांचे सहा फोन आणि चार वेगवेगळी ॲप असतात. सगळ्यांना एकच तपासलेली जीपीएक्स पाठवली की सगळे एकाच खुणेबद्दल बोलत असतात.

रूपांतराने रेघेची गुणवत्ता मात्र वाढत नाही. घरी बसून साठ टिचक्यांत आखलेली रेघ दोन टिचक्यांमध्ये सरळ जाते, आणि सोंडेवर सरळ जाणं म्हणजे कधी दरीवरून जाणं. कुणी प्रत्यक्ष चालून फोनवर नोंदवलेली केएमएल असेल तर तिच्यात `gx:Track` असतो, दर काही सेकंदांचे बिंदू असतात, वेळ आणि उंचीही असते. अशी फाइल मिळाली तर रेघ तिच्यातली घ्यावी आणि खुणा घरी आखलेल्या नकाशातल्या.

निघण्याच्या आदल्या रात्री मी फोनचा विमान मोड चालू करतो आणि फाइल उघडतो. आधी बघतो नकाशा खाली उतरवलेला आहे का, कारण नकाशा नसेल तर कोऱ्या पडद्यावर टाचण्या दिसतात. मग ॲपच्या यादीत खुणांची संख्या वाचतो. मग अळू दरवाज्यावर बोट ठेवतो, नाव आणि वर्णन उघडतं का बघतो, आणि त्या खुणेपासून रेघ किती दूर पडते तेही. परवाच्या फाइलमध्ये खूण रेघेपासून चाळीसेक मीटर बाजूला होती. मित्राला फोन केला. तो म्हणाला, “खूण बरोबर आहे रे, गेल्या पावसाळ्यानंतर तिथे उभा राहूनच लावलीय. रेघच माझी वाकडी आहे.” फाइलच्या वर्णनात मी ते जसंच्या तसं लिहून टाकलं.